डीएलपी संपल्यावर अडकलेलं रिटेन्शन कसं सोडवायचं: पुण्यातल्या लहान कंत्राटदारासाठी पत्र आणि त्यामागची कागदपत्रं

मी पुण्यात प्लास्टर आणि वॉटरप्रूफिंगची कामं घेतो. पहिल्या मोठ्या कामाचा दोषदायित्व कालावधी, म्हणजे आपण साइटवर ज्याला डीएलपी म्हणतो तो, संपला तेव्हा मी बिल्डरच्या ऑफिसला तीन ओळींचं पत्र दिलं: वर्ष झालं, दर बिलातून कापून राखून ठेवलेलं आमचं रिटेन्शन सोडावं. उत्तर आलं नाही. चार महिन्यांनी गेलो, तर आमच्या दुरुस्त्या डोळ्यांनी पाहिलेला साइट इंजिनिअर नोकरी सोडून गेला होता. नव्या इंजिनिअरने विचारलं, "दुरुस्ती केली म्हणता, पण कुठे लिहिलंय?" लिहिलेलं काहीच नव्हतं. सह्यांसाठी पुन्हा एकेका फ्लॅटची बेल वाजवत फिरलो. निम्म्या ठिकाणी मालक बदलले होते, नाहीतर भाडेकरू होते. पैसे मिळायला आणखी अकरा महिने गेले.

तेव्हापासून मी एक गोष्ट धरून आहे. हे पत्र असा माणूस वाचणार आहे ज्याने आपलं काम कधी पाहिलेलं नाही. जुनी फाइल न काढता त्याला सही करता आली पाहिजे. खाली वाकडच्या एका अकरा मजली इमारतीचं उदाहरण घेतलं आहे. तिथे आमच्याकडे आतलं प्लास्टर आणि टॉयलेट-टेरेसचं वॉटरप्रूफिंग होतं.

## १. डीएलपी कधी सुरू झाला, ते कागदावर शोधा

आपण शेवटचा मजूर ज्या दिवशी हलवला, त्या दिवसापासून डीएलपी धरायची सवय असते. करारात बहुतेक वेळा वेगळं लिहिलेलं असतं. काही करारांत काम पूर्णत्वाच्या दाखल्यावरची तारीख असते, काहींत ताबा दिल्याची, तर काहींत महापालिकेच्या भोगवटा प्रमाणपत्राची. तिसरी अट आपल्यासाठी सगळ्यात वाईट, कारण ते प्रमाणपत्र लिफ्ट आणि फायरच्या ना-हरकतीवरही अडतं आणि ते आपल्या हातात नसतं. वर्क ऑर्डर घेतानाच ही ओळ वाचा. सही झाली असेल तर त्या प्रमाणपत्राची प्रत मागून ठेवा.

दाखल्यावर दोन तारखा असू शकतात. आमच्या दाखल्यावर सही १८ एप्रिल २०२३ ची होती, पण मजकुरात "काम ३१ मार्च २०२३ रोजी पूर्ण" असं होतं. करारात डीएलपी 'पूर्णत्वाच्या तारखेनंतर बारा महिने' असा होता. म्हणजे तो १ एप्रिल २०२३ ला सुरू झाला आणि ३१ मार्च २०२४ ला संपला. पत्रात नुसतं "वर्ष पूर्ण झालं" लिहू नका. कलमाचा क्रमांक, दाखल्याचा क्रमांक आणि या दोन्ही तारखा लिहा.

## २. रक्कम दर बिलावरून पुन्हा काढा

कामाची किंमत गुणिले पाच टक्के, त्याचं निम्मं, असा हिशोब करून आकडा लिहिला की तो त्यांच्या लेजरशी जुळत नाही आणि पत्र अकाउंट्समध्ये पडून राहतं. काम चालू असताना दिलेल्या प्रत्येक आर.ए. बिलातून खरोखर किती कापलं, ते पाहा.

आमचं प्रमाणित काम जीएसटी सोडून ८०,००,००० रुपयांचं होतं. पाच टक्क्यांनी ४,००,००० कापायला हवे होते. कापलेले निघाले ४,२१,६००. फरक दुसऱ्या बिलात सापडला. काम २४,००,००० चं होतं, त्याचे १,२०,००० व्हायला हवे होते, पण अकाउंट्सने १८ टक्के जीएसटी धरून २८,३२,००० वर पाच टक्के लावले आणि १,४१,६०० कापले. काम पूर्ण झाल्यावर निम्मं म्हणून २,००,००० मिळाले होते. म्हणजे बाकी २,२१,६००. मी हिशोबाने २,००,००० मागितले असते तर वरचे २१,६०० कायमचे गेले असते.

हा तक्ता एका पानावर करा: बिल क्रमांक, तारीख, कामाची रक्कम, कापलेलं रिटेन्शन, सोडलेलं, बाकी. मग त्यांच्या बिलिंग इंजिनिअरकडून लेजरची प्रत मागून तो जुळवून घ्या. हे पत्र देण्याआधी करायचं.

## ३. दोषांची नोंदवही डीएलपी चालू असतानाच ठेवा

सगळ्यात जास्त मेहनत इथे घ्या, कारण बाकीचे कागद नंतरही गोळा करता येतात. दुरुस्तीच्या दिवशीची सही मात्र नंतर मिळत नाही.

साधी दोनशे पानी वही चालते. प्रत्येक तक्रारीला एक पान. त्यावर तक्रार कधी आणि कुणाकडून आली, फ्लॅट आणि नेमकी जागा, सापडलेलं कारण, केलेलं काम, घेतलेली चाचणी आणि शेवटी फ्लॅटधारकाची व साइट इंजिनिअरची तारखेसह सही. तक्रार व्हॉट्सअॅपवर किंवा फोनवर आली तर त्याच दिवशी ईमेलवर लिहून पाठवा: "आज अमुक फ्लॅटची तक्रार मिळाली, उद्या सकाळी पाहायला येतो."

वाकडला वर्षभरात अकरा तक्रारी आल्या. नऊ आमच्या होत्या, दोन नव्हत्या. दोन्ही प्रकारचं एकेक पान सांगतो.

पहिलं पान फ्लॅट ११०२ चं. १९ जून २०२३ ला, पहिल्या जोरदार पावसानंतर, बेडरूमच्या छताच्या कोपऱ्यात ओल आली. आम्ही ओलीच्या कडेने पेन्सिलने रेघ मारली आणि रेघेवर तारीख लिहिली. हे नेहमी करा. ओल वाढते आहे की जुनाच डाग आहे, याचा दुसरा स्वस्त पुरावा नाही. वर टेरेसवर पाणी जायच्या खुऱ्याजवळ पॅरापेटचा वाटा, म्हणजे पॅरापेट आणि स्लॅबच्या सांध्यातली गोलाई, फाटला होता. ताडपत्री बांधून सव्वा मीटर वाटा फोडला, नव्याने केला, कोटिंग दिलं आणि तेवढ्या भागात बांध घालून ७२ तास पाणी साठवलं. रेघेबाहेर ओल गेली नाही. २७ जूनला सही घेतली. जुलैच्या शेवटी पुन्हा जाऊन कोरड्या छताचा, तीच रेघ दिसेल असा फोटो काढला आणि त्याच पानाला जोडला.

दुसरं पान फ्लॅट ६०३ चं. टॉयलेटच्या छताला ओल होती. सगळ्यांनी वरच्या ७०३ च्या वॉटरप्रूफिंगवर, म्हणजे आमच्यावर, बोट ठेवलं. आम्ही ७०३ च्या नहाणीचा ट्रॅप बुजवून ४८ तास पाणी ठेवलं. पेन्सिलची रेघ जागच्या जागी राहिली. मग प्लंबरला बोलावून भिंतीतल्या पाइपला हातपंपाने प्रेशर दिलं, तर गेजचा काटा बघता बघता खाली आला. गळती शॉवरच्या डायव्हर्टरमागच्या जोडात होती. कामाचा भाग आमचा नव्हता, तरी पान भरलं, दोन्ही चाचण्या लिहिल्या, गेजचा फोटो लावला आणि साइट इंजिनिअरची "प्लंबिंगशी संबंधित" अशा शेऱ्यासह सही घेतली. शेरा नसता, तर शेवटी हीच तक्रार आमच्या नावावर 'दुरुस्ती बाकी' म्हणून उभी राहिली असती.

एक खाच इथे आहे. पुष्कळ करारांत दुरुस्त केलेल्या भागाचा डीएलपी दुरुस्तीपासून पुन्हा सुरू होतो. ११०२ च्या वाट्याची मुदत त्यामुळे २६ जून २०२४ पर्यंत गेली. सव्वा मीटरच्या वाट्यापायी पूर्ण रक्कम अडू द्यायची नाही. त्याची सोय पत्रातच कशी करायची, ते पुढे आहे.

## ४. मुदत संपण्याआधी संयुक्त पाहणी मागा

मुदतीच्या साधारण महिनाभर आधी पाहणीसाठी लेखी मागणी द्या. बरेच जण घाबरतात की पाहणीला बोलावलं तर नवे दोष काढतील. मला उलट वाटतं. मुदतीत काढलेल्या यादीला शेवट असतो. मुदत संपून सहा महिन्यांनी काढलेल्या यादीला नसतो.

आमची पाहणी १२ मार्च २०२४ ला झाली. तीन मुद्दे निघाले: दोन टॉयलेटमध्ये टाइलचं ग्राउट आणि एका खिडकीशेजारी प्लास्टरची केसासारखी भेग. २२ मार्चपर्यंत तिन्ही मिटवून त्याच यादीवर "पूर्ण" अशी सही घेतली. यादीच्या तळाशी एक ओळ हातानेच लिहून घ्या: "या तीन मुद्द्यांव्यतिरिक्त इतर दोष आढळला नाही."

ते पाहणीला येतच नसतील तर दुसरी तारीख देणारं पत्र द्या. तेव्हाही कुणी आलं नाही तर फोटोंसह एकट्याने पाहणी करून तो अहवाल आवकला लावा.

## ५. ना-देणे कागद गोळा करा

बिल्डरला भीती असते की आपण गेल्यावर आपला मजूर किंवा सप्लायर त्याच्या दारात उभा राहील. ही भीती खोटी नाही. पीएफ आणि ईएसआयच्या बाबतीत मुख्य मालक म्हणून जबाबदारी त्याच्यावरही येऊ शकते. म्हणून हे कागद मागायची वाट न पाहता सोबत लावा:

- काम चालू होतं त्या महिन्यांची पीएफ आणि ईएसआयची चलनं
- मजुरांची आणि सप्लायरची देणी बाकी नसल्याचं लेटरहेडवरचं निवेदन
- त्यांनी दिलेल्या सिमेंटचा हिशोब: मिळालेलं, वापरलेलं, परत केलेलं
- परांची, गोडाऊन, राबिट हलवल्याचं आणि साइट मोकळी केल्याचं साइट इंजिनिअरचं पत्र
- तात्पुरत्या वीज-पाण्याचं बिल भरल्याची पावती
- वॉटरप्रूफिंगचं हमीपत्र, करारात म्हटलं असेल त्या वर्षांचं आणि मुद्रांकावर

सिमेंटचा हिशोब सगळ्यात जास्त वेळा अडतो, कारण तो स्टोअरकीपरकडे असतो आणि स्टोअरकीपर दुसऱ्या साइटवर गेलेला असतो. फायनल बिलाच्या वेळीच त्याची सही घेऊन ठेवा.

हमीपत्राबद्दल एक गोष्ट स्पष्ट असू द्या. दहा वर्षांची हमी दिली म्हणजे रिटेन्शन दहा वर्षं ठेवायचं, असं होत नाही. करारात तसं लिहिलेलं नसेल, तर हमी ही वेगळी जबाबदारी आहे आणि ती हमीपत्राने सुरक्षित होते.

## ६. पत्र लिहा

खासगी ऑफिसला बहुधा इंग्रजीत द्यावं लागतं, पण मांडणी हीच ठेवा. पुण्यात आणखी एक काळजी घ्या. "पीएमसी" म्हणजे महापालिका आणि "पीएमसी" म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजमेंट कन्सल्टंटही. पत्रात दोन्ही नावं पूर्ण लिहा. आमचं पत्र मराठीत असं होतं:

> दिनांक: ८ एप्रिल २०२४
>
> प्रति, प्रकल्प व्यवस्थापक
> प्रत: बिलिंग विभाग, लेखा विभाग
>
> विषय: दोषदायित्व कालावधी पूर्ण झाल्याने रिटेन्शनची उर्वरित रक्कम रु. २,२१,६०० मिळण्याबाबत
>
> संदर्भ: (१) वर्क ऑर्डर क्र. … (२) काम पूर्णत्वाचा दाखला क्र. …, दि. १८/०४/२०२३ (३) संयुक्त पाहणी, दि. १२/०३/२०२४
>
> महोदय,
>
> वरील कामाचा दोषदायित्व कालावधी करारातील कलम क्र. … नुसार दि. ०१/०४/२०२३ ते ३१/०३/२०२४ असा होता व तो पूर्ण झाला आहे.
>
> या काळात ११ तक्रारी आल्या. त्यांपैकी ९ आमच्या कामाशी संबंधित होत्या व त्या सर्व दुरुस्त केल्या आहेत. उर्वरित २ आमच्या कामाच्या कक्षेबाहेरील असल्याचे आपल्या साइट इंजिनिअरने नोंदवले आहे. नोंदी जोडपत्र 'ब' मध्ये आहेत. संयुक्त पाहणीतील ३ मुद्दे दि. २२/०३/२०२४ रोजी पूर्ण झाले (जोडपत्र 'क').
>
> बिलांमधून एकूण रु. ४,२१,६०० कापले गेले, त्यांपैकी रु. २,००,००० मिळाले. बाकी रु. २,२१,६०० (जोडपत्र 'अ').
>
> फ्लॅट ११०२ वरील टेरेसच्या सव्वा मीटर दुरुस्त भागाची मुदत दि. २६/०६/२०२४ पर्यंत आहे. आपणास आवश्यक वाटल्यास त्यापुरते रु. १०,००० राखून उर्वरित रु. २,११,६०० आत्ता अदा करावेत व राखलेली रक्कम दि. २७/०६/२०२४ नंतर द्यावी.
>
> ना-देणे कागदपत्रे जोडपत्र 'ड' मध्ये व वॉटरप्रूफिंगचे हमीपत्र जोडपत्र 'इ' मध्ये आहे.
>
> कोणतीही त्रुटी असल्यास कृपया १५ दिवसांत लेखी कळवावी.

एवढंच. "आम्ही लहान कंत्राटदार आहोत, खूप अडचण आहे" असं लिहू नका. अडचण खरी असते, पण ती वाचून सही होत नाही आणि पत्राचा मुद्दा बाजूला पडतो. दहा हजारांचा तो परिच्छेद मात्र टाळू नका. तो नसता तर "दुरुस्तीची मुदत बाकी आहे" हे एक वाक्य लिहून पूर्ण फाइल परत आली असती.

जोडपत्रांना पानांचे क्रमांक घाला. नोंदवहीची अकरा पानं लावताना वर एका पानाचा गोषवारा ठेवा: तक्रार क्रमांक, फ्लॅट, दोष, पूर्ण झाल्याची तारीख, सहीचं पान. वाचणारा एवढंच पान बघतो आणि शंका आली तर आतलं एखादं उलटून पाहतो.

## ७. आवक शिक्का, पाठपुरावा आणि नेहमीच्या हरकती

पत्र हातोहात दिलं तर दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख आणि क्रमांक घ्या. शिक्का देत नसतील तर स्पीड पोस्टने पाठवा, पोच जपा आणि तेच स्कॅन करून ईमेल करा. प्रकल्प व्यवस्थापकाच्या टेबलावर ठेवून आलेलं पत्र दिलेलं नसतं, असं समजा. मग दर पंधरा दिवसांनी आधीच्या पत्राचा आवक क्रमांक लिहून एक छोटं स्मरणपत्र द्या. फोनवर काही ठरलं तर त्याच दिवशी ईमेलने कळवा.

एक हरकत हमखास येते: "रेरात पाच वर्षं आहेत, तोवर रिटेन्शन ठेवणार." रेरा कायद्याचं कलम १४(३) विकसकाची फ्लॅटधारकाकडे असलेली जबाबदारी सांगतं. ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष दाखवून दिला, तर विकसकाने तो तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा. कंत्राटदाराचं रिटेन्शन किती काळ ठेवायचं, हे ते कलम सांगत नाही. ते आपला करार सांगतो. करारातच ही पाच वर्षांची जबाबदारी आपल्यावर सोपवलेली असेल तर गोष्ट वेगळी, म्हणून उत्तर देण्याआधी कलम वाचा. नसेल तर उत्तरात कराराचं कलम उतरवून द्या.

दुसरी हरकत असते परस्पर केलेल्या दुरुस्तीची: "आम्ही दुसऱ्याकडून करून घेतलं, ते कापणार." त्या तक्रारीची लेखी सूचना आपल्याला कधी दिली, ते विचारा. सूचना देऊन वेळ दिली गेली असेल आणि आपण गेलो नसू, तर रक्कम मान्य करा. नोंदवहीत ती तक्रारच नसेल, तर तसं लेखी कळवा.

तिसरी गोष्ट हरकत नसते, अट असते: आधी "पूर्ण व अंतिम, आता कोणताही दावा नाही" यावर सही करा, मग चेक देतो. सही करायची तर मजकूर बदलून घ्या: "रिटेन्शनच्या रु. २,११,६०० पुरता, रक्कम खात्यात जमा झाल्यावर लागू." इतर काही दावे बाकी असतील, तर कोऱ्या अंतिम सहीने तेही अडचणीत येतात.

तारखेचं भान ठेवा. अशा येण्यांसाठी कोर्टात जायची मुदत साधारणपणे पैसे देय झाल्यापासून तीन वर्षं असते. आपण कितीही स्मरणपत्रं दिली तरी ती वाढत नाही. मुदतीच्या आत समोरच्याने सही करून लेखी बाकी मान्य केली, तर ती त्या तारखेपासून नव्याने मोजली जाते. म्हणून दर मार्चअखेर त्यांच्या अकाउंट्सकडून सही-शिक्क्याचं बाकीचं पत्र घ्या. दोन वर्षं उलटली आणि काही हललं नाही, तर वकिलाकडे जा. करारात लवादाचं कलम आहे का, ते त्यांना पहिल्या भेटीतच दाखवा.

## ८. पैसे आल्यावर लगेच तपासा

आमचे पैसे जूनच्या पहिल्या आठवड्यात आले. अपेक्षित होते २,११,६००, जमा झाले २,०९,४८४. अकाउंट्सने एक टक्का टीडीएस म्हणून २,११६ कापले होते. पण आर.ए. बिलांच्या वेळी टीडीएस पूर्ण बिलावर, रिटेन्शनसकट, कापून झाला होता. मी चारही बिलांची पेमेंट अॅडव्हाइस आणि आयकर खात्याच्या २६एएसचा उतारा शेजारी ठेवून ईमेल केला आणि ते २,११६ परत आले. तुमच्या बिलांत टीडीएस रिटेन्शन वजा करून कापला असेल, तर मात्र आत्ताची कपात बरोबर आहे.

जीएसटीचंही तसंच. आम्ही प्रत्येक बिलावर पूर्ण रकमेचा कर आधीच भरला होता, तरी अकाउंट्सने रिटेन्शनसाठी नवं टॅक्स इनव्हॉइस मागितलं. ते दिलं असतं तर त्याच कामावर दुसऱ्यांदा कर भरावा लागला असता. आम्ही जुन्या इनव्हॉइसच्या प्रती आणि साधी मागणीची पावती दिली. तुमच्या सीएला विचारूनच यावर कागद द्या.

राखून ठेवलेल्या दहा हजारांसाठी २७ जूनलाच टेरेसवर गेलो, तोच वाटा आणि खाली ११०२ ची तीच पेन्सिलची रेघ फोटोत घेतली आणि जुन्या पत्राचा आवक क्रमांक घालून एका पानाचं पत्र दिलं. ते पैसे जुलैत जमा झाले.